फोटोतल्या जोडप्याची मेंदी: तळहाताच्या आराखड्यात दोन चेहरे बसवताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इथे एकाच कामाची माहिती आहे. जोडप्याचा फोटो घ्यायचा, त्याचं मेंदीच्या रेघांत चित्र करायचं, ते तळहाताच्या आराखड्यात बसवायचं आणि उरलेली जागा फुलापानांनी भरायची. तयार डिझाइन कोणी फ्रेम करतं, कोणी पत्रिकेवर घेतं, कोणी समोर ठेवून हातावर काढतं. पद्धत तिन्हींसाठी सारखीच आहे. मी काही काम हाताने करते आणि काही संगणकावर Inkscape या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणून उत्तरांत दोन्हीचा उल्लेख येईल.

## साध्या रेखाचित्रापेक्षा यात वेगळं काय असतं?

पेन्सिलच्या चित्रात करडा रंग मिळतो. गालावरची सावली, नाकाचा उंचवटा, ओठांखालची काळपट जागा हे सगळं हलक्या हाताने दाखवता येतं. मेंदीत रेघ तरी असते नाहीतर कोरी त्वचा तरी, मधलं काहीच नसतं. जे करडं दिसायला हवं ते रेघांमधलं अंतर कमीजास्त करून, जाळी टाकून किंवा ठिपक्यांनी दाखवावं लागतं. दुसरी गोष्ट रेघेच्या जाडीची. मेंदीच्या कोनातून निघणारी रेघ साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाड असते आणि बारीक पेनसारखी ती हवी तेव्हा आणखी बारीक होत नाही. डिझाइन कागदावरच राहणार असलं तरी मी ही मर्यादा पाळते. ती सोडली की चित्र मेंदीचं दिसत नाही, पेनने काढून वर फुलं चिकटवल्यासारखं दिसतं.

## फोटो कसा असावा?

दोघांची डोकी जवळ असावीत, शक्यतो एकमेकांना टेकलेली. मध्ये हातभर अंतर असेल तर तळहाताच्या रुंदीत दोन्ही चेहरे बारके होतात. उजेड एका बाजूने आणि मऊ असावा, म्हणजे जबड्याची कड आणि नाकाची बाजू स्पष्ट दिसते. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत चेहरा सपाट होतो आणि रेघ कुठे घ्यायची हेच कळत नाही. हसू असावं, पण ओठ मिटलेले असले तर काम निम्मं होतं. दातांबद्दल पुढे लिहिलं आहे.

चेहरे थोडे एकमेकांकडे वळलेले असले तर ओळख पटकन पटते, कारण नाकाचा आणि गालाचा आकार बाह्यरेषेतच येतो. अगदी समोरून काढलेला चेहरा रेघांत पकडायला सर्वांत अवघड.

सेल्फी असेल तर आधी एक गोष्ट बघा. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही मोबाईल आरशासारखा उलटा साठवतात. चमकी, पदर, शर्टाची बटणपट्टी किंवा मागची एखादी पाटी बघून खात्री करा. भांग चुकीच्या बाजूला गेला तर घरच्यांना काहीतरी खटकतं, काय ते मात्र त्यांना सांगता येत नाही.

## तळहातावर चेहरा प्रत्यक्षात किती मोठा येतो?

हे गणित आधी करा, पुढचे बरेच निर्णय त्यातूनच निघतात. समजा तळहात बोटांच्या मुळाशी ७६ मिलिमीटर रुंद आहे. कडेने वेलबुट्टीसाठी जागा सोडली की चेहऱ्यांना जेमतेम ५८ मिलिमीटर मिळतात. त्यात दोन डोकी केसांसकट बसवायची, म्हणजे एक डोकं साधारण २५ मिलिमीटर आणि केस सोडून चेहरा २० मिलिमीटर. चित्रकलेत शिकवतात की चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी असते. त्या हिशोबाने एक डोळा ४ मिलिमीटरचा.

आता त्या डोळ्यात काय मावतं बघा. वरची पापणी ०.७ मिलिमीटर, मधली मोकळी जागा तेवढीच, खालची पापणी पुन्हा तेवढीच. एवढ्यातच उंची दोन मिलिमीटरच्या वर गेली आणि बुबुळाला जागाच राहिली नाही. म्हणून मेंदीत बुबुळ वरच्या पापणीला लटकलेलं काढतात आणि खालची पापणी गाळतात किंवा कोपऱ्यात दोन ठिपक्यांवर भागवतात. जागेचं बंधन असं आहे की दुसरा मार्गच नाही.

एका तळहातावर एकच चेहरा घेतला, म्हणजे एकीकडे ती आणि दुसरीकडे तो, तर चेहरा ३५ मिलिमीटरपर्यंत आणि डोळा ७ मिलिमीटरपर्यंत जातो. हुबेहूबपणाचा आग्रह असेल तर हा पर्याय घ्या. दोघं एकाच तळव्यावर हवे असतील तर बारकाव्यांचा हट्ट सोडावा लागेल.

## हाताचा आराखडा कसा घ्यायचा? डावा-उजवा का गोंधळतो?

कागदावर हात पालथा ठेवून पेन्सिल फिरवायची, ही लहानपणापासूनची पद्धत. पण डावा हात पालथा ठेवून काढलात तर अंगठा उजवीकडे येतो. तोच डावा तळवा डोळ्यांसमोर धरलात तर अंगठा डावीकडे दिसतो. म्हणजे गिरवलेला आराखडा तळव्याचा नसून हाताच्या पाठीचा असतो. तळव्यासाठी तो उलटावा लागतो. ट्रेसिंग पेपरवर काढला असेल तर कागद पालथा करा. Inkscape मध्ये आराखडा निवडून `Object > Flip Horizontal` द्या.

उलटायचा तो फक्त आराखडा. चेहरे बसवून झाल्यावर हे लक्षात आलं आणि सगळंच एकत्र उलटलं, तर दोघांचे भांग, तीळ, चमकी आणि पदर सगळे बाजू बदलतात.

मी हल्ली हात थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करते. स्कॅनर तळवाच बघतो, त्यामुळे उलटायची भानगड नाही. माप खरं मिळतं आणि तळहाताच्या रेषाही दिसतात, त्यांचा पुढे फार उपयोग होतो. हात दाबू नका, नुसता टेकवा. दाबला की तळवा पसरतो आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद येतो. बोटं थोडी फाकवलेली असू द्या, चिकटलेली असली तर कडा एकमेकींत मिसळतात.

## एका बटणात फोटोची रेघ करून मिळत नाही का?

मिळते, पण ती चेहऱ्याची नसते, उजेडाची असते. Inkscape मधलं `Path > Trace Bitmap` किंवा GIMP या फोटोच्या प्रोग्रॅममधलं `Colors > Threshold` फोटोतला उजेड-अंधार कुठे बदलतो एवढंच ओळखतं. नाकाची सावली गालावर पडली असेल तर त्या सावलीची कड आखली जाते, आणि ज्या बाजूला उजेड आहे तिथला जबडा साफ गायब होतो. वर केसांच्या बटांतून शेकडो बारीक तुकडे येतात. ते पुसत बसण्यापेक्षा हाताने काढणं लवकर होतं.

याचा एक उपयोग मात्र मी करते. Threshold ची पट्टी सरकवून फोटो काळा-पांढरा करून बघते. केस, भुवया, डोळे आणि ओठांमधली फट एवढंच काळं उरलं आणि तरी माणूस ओळखू आला, तर फोटो चांगला आहे. ओळखू येत नसेल तर दुसरा फोटो मागून घेते.

## मग कुठल्या रेघा ठेवायच्या आणि कुठल्या गाळायच्या?

फोटोचा लेयर ४० टक्के फिका करून कुलूपबंद करा आणि वर नवा लेयर घ्या. हाताने करत असाल तर फोटो प्रत्यक्ष मापात छापून वर बटर पेपर लावा. मापाबाबत कडक राहा. मोठ्या मापात काढून नंतर लहान करायचं ठरवलं की हात आपोआप बारकावे भरतो आणि लहान झाल्यावर ते सगळे एकमेकांना चिकटतात. संगणकावरही दुपटीपेक्षा जास्त झूम करून चेहरा काढू नका.

माणूस ओळखला जातो तो आधी केसांच्या आणि जबड्याच्या बाह्य आकारावरून, मग भुवयांवरून, आणि मग डोळे, नाक, तोंड यांच्यातल्या अंतरांवरून. म्हणून सुरुवात जबड्याच्या रेघेने करते, कानापासून हनुवटीपर्यंत, शक्यतो न थांबता. त्यानंतर केसांची कड. त्यानंतर भुवया, आणि भुवईला मी डोळ्याइतकाच वेळ देते. तिची जाडी, कमान कुठे मोडते, नाकापासून किती लांब सुरू होते, यातलं एक जरी बिघडलं तरी माणूस बदलतो.

नाकाचा दांडा दोन्ही बाजूंनी काढू नका. त्याने नाक चिकटवल्यासारखं दिसतं. नाकपुड्यांचे दोन ठिपके, खाली एक छोटी कमान आणि सावलीच्या बाजूची एक नाकपुडी एवढं पुरतं. चेहरा वळलेला असेल तर पलीकडच्या भुवईतून उतरणारी एकच रेघ घ्या.

तोंडात महत्त्वाची रेघ ओठांमधली. हसू तिच्या टोकांत असतं. ती टोकं अर्धा मिलिमीटर वर गेली की माणूस खूश, खाली गेली की रागावलेला. वरच्या ओठाची कड तुटक ठेवा आणि खालच्या ओठाखाली एक आखूड रेघ द्या. दात दिसत असतील तर ती जागा कोरी सोडा. दातांमधल्या फटी काढायच्या नाहीत, एकही नाही. या मापात दोन दातांमधली रेघ दाताइतकीच जाड होते आणि तोंडात जाळी बसवल्यासारखं दिसतं.

नाकापासून ओठांच्या कडेला उतरणारी हसण्याची घडी, डोळ्यांखालच्या रेघा, कपाळावरच्या आठ्या हे फोटोत असलं तरी गाळायचं. फोटोत त्या हलक्या करड्या असतात, मेंदीत त्या जबड्याइतक्याच गडद होतात आणि पंचविशीची मुलगी पन्नाशीची दिसू लागते. ओळखीसाठी घडी हवीच असेल तर ओठांच्या टोकाजवळ तीन मिलिमीटरची खूण ठेवा, पूर्ण रेघ नको.

## दाढी, चष्मा आणि केस?

दाढीला बाहेरून कड आखायची नाही. गालावर दाढी जिथे सुरू होते तिथे आखूड फटकारे मारा, वाढीच्या दिशेने, आणि हनुवटीकडे जाताना ते दाट करा. कड आखली की मुखवटा बांधल्यासारखी दिसते. दाढी जबड्यापर्यंत दाट असेल तर जबड्याची वेगळी रेघही लागत नाही, फटकाऱ्यांची टोकंच तो आकार देतात.

चष्मा असेल तर आधी चष्म्याची फ्रेम आखा आणि मग आतला डोळा आणखी सोपा करा. फ्रेम, पापणी आणि भुवई या तीन रेघा एकावर एक येतात आणि एकत्र मिळून काळा डाग होतो. भुवई फ्रेमच्या काठाला लागत असेल तर फ्रेमची वरची कड तेवढ्या भागात तोडा. काचेवरची चमक दाखवायची गरज नाही.

केस पूर्ण भरू नका आणि नुसती बाह्यरेषाही ठेवू नका. केस काळे दिसले नाहीत तर चेहरा उजळ दिसत नाही, आणि पूर्ण भरले तर नजर तिथेच अडकते. मी वळणाच्या दिशेने जाड रेघा ओढते आणि मध्ये दोन-तीन कोऱ्या पट्ट्या सोडते. भांग कोरा ठेवते. गजरा असेल तर तो सोन्याहून पिवळं. केसांतून फुलांच्या नक्षीत उतरायला तो आयता रस्ता देतो.

## एखादं उदाहरण सुरुवातीपासून दाखवाल का?

असं धरू की फोटोत ती डावीकडे, तो उजवीकडे, दोघं एकमेकांकडे किंचित वळलेले. तिचं कपाळ त्याच्या गालाजवळ आहे. तिने केस मोकळे सोडलेत, त्याला आखूड दाढी आणि चष्मा आहे. तळहात वर म्हटल्याप्रमाणे ७६ मिलिमीटर रुंद आणि मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत १०२ मिलिमीटर लांब.

आधी तळव्यात ५८ रुंद आणि ६२ उंच असा घुमटाकार कोनाडा आखला, अंगठ्याखालच्या उंचवट्यापासून जरा दूर सरकवून. तो उंचवटा हात हलला की सुरकुततो, तिथे चेहरा नको. तिचं डोकं २४ रुंद, त्याचं २५. तिचे केस त्याच्या चेहऱ्यावर चार मिलिमीटर चढू दिले, म्हणजे दोघं मिळून ४५ झाले. दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा उरले. ही जागा कोरी राहणार आहे, ती भरायची नाही.

जिथे तिचं डोकं त्याच्यावर चढतं तिथे रेघ एकच असते, तिची. त्याच्या गालाची रेघ तिच्या केसांच्या एक मिलिमीटर आधी थांबवली. ही बारीक फट नसेल तर दोघांच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि कोण पुढे, कोण मागे हे समजत नाही. त्याचा पलीकडचा डोळा वळणामुळे तीन मिलिमीटरच होता. तिथे फ्रेम, पापणीची एक कमान आणि त्याला लटकलेला ठिपका एवढंच ठेवलं. तिच्या भुवया पूर्ण काढल्या. त्याची जवळची भुवई काढली आणि पलीकडची फ्रेमच्या वरच्या कडेत विलीन केली.

खांदे दाखवायला जागा नव्हती, आणि खांद्यापाशी सरळ कापलेली माणसं पासपोर्ट फोटोसारखी दिसतात. म्हणून कोनाड्याच्या तळाशी मनगटाच्या बाजूने एक मोठं अर्धं कमळ घेतलं, साधारण ४० मिलिमीटर रुंद. दोघांचे गळे आणि तिच्या साडीचा काठ त्याच्या पाकळ्यांमागे गेले. काठावरची बुट्टी पुढे वेलीत चालू ठेवली.

तीनच जाड्या वापरल्या. कोनाड्याची चौकट १.२, चेहऱ्यांच्या बाह्यरेषा ०.८, आणि आतले बारकावे व भरण ०.५ मिलिमीटर. चेहऱ्याच्या आत काही ०.५ च्या वर गेलं असेल तर ती फक्त वरची पापणी.

## फुलांचं भरण कुठून सुरू करायचं?

मोठ्यापासून लहानाकडे. आधी दोन-तीन मोठी फुलं टाका, पंधरा मिलिमीटरच्या आसपासची, आणि त्यांचा त्रिकोण होऊ द्या: एक तर्जनीच्या मुळाशी, एक करंगळीखाली, एक अंगठ्याच्या उंचवट्यावर. मनगटाकडे कमळ आहेच. मग त्यांना जोडणाऱ्या वेली आणि कुयऱ्या, मनगटाकडून बोटांकडे वाहणाऱ्या. त्यानंतर पानं. उरलेल्या फटींत जाळी, सर्वांत शेवटी ठिपके. आधी ठिपके आणि जाळी भरून मग मोठ्या फुलाला जागा शोधायला गेलात तर नक्षी विस्कळीत दिसतेच.

फूल आणि कुयरी यांच्या वळणदार आकारांत मध्ये तिरकस त्रिकोणी फटी उरतात. त्या पानांनी भरा, छोट्या फुलांनी नको. छोटी फुलं सगळीकडे सारख्या अंतराने पडली की छापील कापडासारखं दिसतं.

दोन रेघांमध्ये किमान एका रेघेएवढी जागा हवी. ओली मेंदी बसताना किंचित पसरते, आणि साध्या प्रिंटरची शाईही पातळ कागदावर पसरते. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांमध्ये पाव मिलिमीटर सोडलं तर जाळीचा ठोकळा होतो.

## भरण झाल्यावर चेहरे हरवतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा चेहऱ्याभोवतीची कोरी पट्टी खाल्लेली असते. डोक्याभोवती किमान दोन-तीन मिलिमीटर काहीही नको, ठिपकाही नको. पट्टी असूनही हरवत असतील तर कोनाड्याच्या बाहेरचं भरण पातळ आहे का बघा. चेहरे कोरे राहतात आणि बाहेरची नक्षीही विरळ असते, मग नजरेला थांबायला जागाच नसते. कोनाड्याला लागून बाहेरची पाच-सात मिलिमीटरची पट्टी सर्वांत दाट करा, तिथे जाळी घ्या. कडेकडे जाताना विरळ केलं तरी चालतं.

तिसरी शक्यता अशी की गालांवर फुलं काढली आहेत. काहींना ती हौस असते. मी ती करत नाही. गालाची कोरी जागा हाच चेहऱ्याचा उजेड आहे.

## आराखड्याबाहेर गेलेली नक्षी कापायची कशी?

Inkscape मध्ये आराखड्याची बंद आकृती `Ctrl+D` ने आणखी एक प्रत करा. सगळं भरण गट करून घ्या, वरची आकृती आणि तो गट एकत्र निवडा आणि `Object > Clip > Set Clip` द्या. बाहेरचं सगळं लपतं.

पण हा शेवटचा उपाय आहे. कडेला अर्धी कापलेली फुलं दिसली की भिंतीचा कागद हाताच्या आकारात कापल्यासारखं वाटतं. आराखड्याच्या आत तीन मिलिमीटरची समास-रेघ आखा आणि फुलांची बाहेरची टोकं तिला टेकतील अशी वळवा. क्लिप फक्त जाळीला वापरा.

अजून एक अडचण इथेच येते. फूल लहान केलं की त्याची रेघही त्याच प्रमाणात बारीक होते आणि ०.५ ची ०.२ झालेली पडद्यावर कळत नाही. `Edit > Preferences > Behavior > Transforms` मध्ये `Scale stroke width` ची खूण काढून टाका.

## बोटांवर काय घ्यायचं?

चेहऱ्यांशी स्पर्धा करणारं काही नको. टोकं भरीव, खाली दोन आडवे पट्टे, मध्ये एक वेल. तारीख किंवा आद्याक्षरं घालायची असतील तर बोटांच्या पेरांवर घाला, कोनाड्यात नको.

## चेहरा खरंच ओळखू येतोय हे कसं तपासायचं?

फोटोचा लेयर पटापट चालू-बंद करा. डोळे, नाक आणि तोंड यांपैकी जे जागेवरून उडी मारताना दिसेल ते सरकलेलं आहे. मग डिझाइन आणि फोटो दोन्ही उलटे, डोकं खाली करून शेजारी ठेवा. उलट्या चेहऱ्यात आपण माणूस बघत नाही, अंतरं बघतो, त्यामुळे तिरकी भुवई लगेच दिसते. शेवटी भरण झाकून फक्त चेहरे दोघांना ओळखणाऱ्या कोणाला तरी दाखवा आणि कोण आहे ते सांगू नका. जोडप्याला स्वतःला विचारण्यात अर्थ नाही, स्वतःचा चेहरा माणूस आरशातला ओळखतो.

एकच जण ओळखू येत असेल तर दुसऱ्याच्या भुवया आणि केसांची कड आधी तपासा. डोळ्यांत खुडबुड सर्वांत शेवटी.

## छापल्यावर माप बदलतं, का?

प्रिंटच्या खिडकीत `Fit to page` निवडलेलं असतं. ते काढून `Actual size` किंवा १०० टक्के करा. मी कागदाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक रेघ ठेवते आणि छापल्यावर पट्टी लावते. ती ४८ भरली तर ०.५ ची रेघही तेवढीच घसरली असं समजायचं. चित्र पिक्सेलमध्ये काढत असाल तर ३०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १२ पिक्सेल, म्हणून ०.५ साठी सहाचा ब्रश.

## हेच डिझाइन हातावर काढायचं असेल तर?

स्कॅनमध्ये दिसणाऱ्या तळहाताच्या रेषा आराखड्यावर फिक्या रंगात आखून घ्या. हृदयरेषा आणि मस्तकरेषा तळव्याच्या वरच्या अर्ध्या भागातून आडव्या जातात, आयुष्यरेषा अंगठ्याला वळसा घालते. घडीत मेंदी खाली उतरते, तुकडा सुटतो आणि रेघ तुटते. दोन चेहरे घडी टाळून बसवणं शक्य नसतं, पण डोळे आणि तोंड घडीवर येणार नाहीत एवढं करता येतं. घडी केसांतून किंवा गळ्यातून गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यासाठी अख्खं जोडपं चार-पाच मिलिमीटर वर-खाली सरकवून बघा.

मेंदी काढणारी समोर बसते, हाताची बोटं तिच्याकडे असतात. म्हणजे बोटांकडे डोकं असलेलं चित्र तिला उलटं दिसतं. नमुन्याचा कागद हाताच्या शेजारी त्याच दिशेने, म्हणजे उलटाच ठेवा. नाहीतर नवरीला बाजूला बसवून हात तिच्या-आपल्या दोघींना सारखा दिसेल असा फिरवून घ्या.

चेहरे आधी काढा, हात ताजा आणि कोरा असताना. पहिल्यांदा फक्त खुणा द्या: दोन्ही हनुवट्या, डोळ्यांचे कोपरे आणि केसांची टोकं, ठिपक्यांनी. डोळे चुकले तर ओली मेंदी कापसाच्या काडीने लगेच टिपा. थोडा वेळ गेला तरी पुसट डाग राहतोच, आणि चेहऱ्यावर तो लपवायला फूल टाकता येत नाही. कोन चेहऱ्यासाठी वेगळा ठेवा, टोक अगदी बारीक आणि मेंदी गाळून घेतलेली. एक कण टोकात अडकला की रेघ फुटते, आणि ती नेमकी पापणीवर फुटते.

वाळलेली मेंदी खरवडल्यावर रंग सुरुवातीला नारिंगी असतो, तो दीड-दोन दिवसांत गडद होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी चेहरे फिके वाटले म्हणून वरून रेघा गिरवू नका. दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसत नाही आणि पापण्या दुहेरी होतात. गडद रंगाच्या हौसेने तयार 'काळी मेंदी' तर अजिबात नको. तिच्यात बऱ्याचदा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन असतं आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात.